दीड लाख उलगडताना

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला बाजारात मिरची घेण्यासाठी झुंबड असते. तिथे दीड किलो बेडगी मागितली तर एक किलो आणि वर पाचशे ग्रॅम मिळणार, हे दुकानदारालाही ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. काट्यावर १.५०० असा आकडा उमटतो. चुकून १.०५० उमटला, तर गिऱ्हाईक लगेच म्हणते, "अहो, अजून टाका, हे तर किलोच्या वर पन्नासच ग्रॅम झाले." इथे दशांश चिन्हाचा हिशेब कुणालाही शिकवावा लागत नाही. हात आणि डोळे तो आपोआप करतात. मात्र तीच माणसे संध्याकाळी गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत बसतात, समोरच्या चिठ्ठीवर '१.८ लाख' लिहिलेले असते, आणि जमाखर्चाच्या वहीत १,०८,००० अशी नोंद होते. बाजारात पक्के असलेले ज्ञान वहीपर्यंत पोहोचताना कुठे हरवते, या प्रश्नातून ही पुस्तिका जन्माला आली.

विषय लहान आहे. 'लाख', 'कोटी' किंवा 'के' यांच्या आधी दशांश चिन्ह असलेला आटोपशीर आकडा येतो, जसे १.५ लाख, २.३५ कोटी, ६२.५ के. त्याचे साध्या पूर्ण संख्येत रूपांतर कसे करायचे, एवढेच इथे सांगायचे आहे. आम्ही या कामाला 'आकडा उलगडणे' म्हणतो. घडी घातलेले लुगडे उलगडल्यावर त्याची लांबी-रुंदी दिसते. कापड मात्र तेवढेच राहते. आकड्याचेही तसेच आहे. उलगडल्याने त्याची किंमत बदलता कामा नये. ही पुस्तिका मंडळांचे नवे खजिनदार, चाळींच्या समित्यांतील कार्यकर्ते आणि हिशेबाची वही पहिल्यांदाच हातात घेणारी मुले-मुली यांच्यासाठी लिहिली आहे. तुम्हाला गणिताची भीती वाटत असेल, तरी निःशंकपणे पुढे या. इथे चौथीच्या पुढचे काही लागणार नाही.

लालबागमध्ये हा विषय सतत समोर येतो, त्याला कारणे आहेत. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासून, गणेशगल्लीचे मंडळ १९२८ पासून आणि लालबागचा राजा १९३४ पासून उत्सव साजरा करत आहेत. या मोठ्या मंडळांच्या सावलीत गल्लीगल्लीत लहान मंडळे आहेत. त्यांचे खजिनदार दिवसा नोकरी करतात आणि रात्री पावतीपुस्तके घेऊन बसतात. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, चाळींचे पुनर्विकास सुरू झाले. त्यामुळे ज्या घरांत एके काळी गिरणीचा पगार येई, तिथे आता '1.85 Cr' आणि '65k' असे आकडे असलेले कागद येतात. धाकट्यांची बोली 'के' आणि 'सीआर'ची, तर वडीलधाऱ्यांची दीड-अडीचची. एका बैठकीत दोन्ही बोली बोलल्या जातात, आणि वही मात्र एकच असते.

वडीलधाऱ्यांच्या बोलीपासून सुरुवात करू, कारण ती या कामासाठी फार उपयोगाची आहे. मराठीत अपूर्णांकांना स्वतःची नावे आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, आणि तीनपासून पुढे साडे. जुन्या शाळांमध्ये पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. साडेतीनच्या पाढ्याला तर 'औटकी' असे खास नाव होते. हे पाढे त्या काळी नुसत्या पाठांतरासाठी नव्हते. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होत आणि चार आणे म्हणजे पाव रुपया. दर, व्याज, मापे सगळे पाव-अर्ध्यात चाले. दिडकी येणाऱ्या माणसाला 'दीड लाख' ऐकताच एक लाख आणि त्याच्या निम्मे, म्हणजे पन्नास हजार, हे दिसते. त्याच्या डोळ्यांसमोर दशांश चिन्ह येतच नाही, त्यामुळे चूक होण्याची जागाही उरत नाही.

म्हणून पहिला सल्ला असा. आकडा कागदावर १.५ लाख असला, तरी तो 'एक पॉइंट पाच लाख' असा वाचू नका. 'दीड लाख' असा वाचा. २.२५ कोटी म्हणजे सव्वादोन कोटी, ०.७५ लाख म्हणजे पाऊण लाख, १.७५ कोटी म्हणजे पावणेदोन कोटी. हे जमले की निम्मे आकडे तिथेच उलगडतात, कारण पाव कोटी म्हणजे पंचवीस लाख आणि पाऊण लाख म्हणजे पंच्याहत्तर हजार हे आपल्या कानाला माहीत आहे. अर्थात सगळे आकडे पाव-पाऊणमध्ये बसत नाहीत. १.८ लाखाला मराठीत असे सुटसुटीत नाव नाही, आणि बहुतेक चुका अशाच आकड्यांत होतात. तिथे खणांची रीत लागते.

खणांची रीत आपण आकड्यात स्वल्पविराम जिथे देतो त्या जागांवरच चालते. पाश्चात्त्य पद्धतीत तीन-तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम येतो. आपल्याकडे शेवटचे तीन आकडे सोडले की पुढे दोन-दोनांचे खण आहेत: हजारांचा खण, लाखांचा खण आणि मग कोटी. ही स्थानांची व्यवस्था फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'लीलावती'त स्थानांची नावे क्रमाने दिली आहेत. त्यात लक्ष सहाव्या स्थानी, कोटी आठव्या स्थानी आणि अब्ज दहाव्या स्थानी आहे. आपण रोज जो स्वल्पविराम देतो, तो याच स्थानांच्या मधल्या भिंतीवर बसतो.

आता याचा फायदा पाहा. लाखाच्या उजवीकडे लगेच हजारांचा खण आहे आणि त्यात बरोबर दोन आकडे मावतात. म्हणून लाखाच्या दशांश चिन्हापुढचे पहिले दोन आकडे म्हणजे थेट हजार. ४.२५ लाखातले २५ म्हणजे पंचवीस हजार. कोटीच्या उजवीकडे लाखांचा खण आहे, म्हणून २.३५ कोटीतले ३५ म्हणजे पस्तीस लाख. काही मोजायचे नाही, फक्त खण भरायचा. मात्र खण दोन आकड्यांचा आहे, हे विसरायचे नाही. चिन्हापुढे एकच आकडा असेल, तर त्याच्या उजवीकडे शून्य ठेवून खण पुरा करायचा. १.८ लाख आधी १.८० लाख करून घ्या, मग ते ऐंशी हजार होतात. ८ हा आकडा खणाच्या डाव्या घरात बसतो, उजव्या नाही. १.०८ लाख हा वेगळा आकडा आहे. तिथे आठ उजव्या घरात आहे आणि ते आठ हजार आहेत. या विषयातली निम्म्याहून अधिक गफलत या एका शून्याच्या जागेवरून होते.

बाजारातला काटा हेच करतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. १.५ किलो तो १.५०० असे दाखवतो. ग्रॅमचा खण तीन आकड्यांचा आहे, म्हणून काटा शून्ये भरून खण पुरा करतो. आपणही उलगडण्याआधी तेवढेच करायचे आहे.

'के' हे याच काट्याचे अक्षर आहे. किलो म्हणजे हजार. ग्रीक भाषेतल्या हजारवाचक शब्दावरून फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते मापनपद्धतीत आणले, आणि आता पगाराच्या गप्पांतही ते रुळले आहे. ६२.५ के म्हणजे साडेबासष्ट हजार, म्हणजे ६२,५००. इथे चिन्हापुढचा खण तीन घरांचा आहे: शतक, दशक, एकक. २.५ के म्हणजे अडीच हजार. मसाला बाजारात अडीच किलो मिरचीचे अडीच हजार ग्रॅम होतात, तसेच हे. फक्त शंभर केच्या पुढे गेल्यावर थोडे सावध राहा. १५० के उलगडून कुणी 150,000 लिहिले तर संख्या बरोबर असते, पण आपल्या डोळ्याला सवय १,५०,००० ची असते. घाईत ते पंधरा हजार किंवा पंधरा लाख वाचले जाते. म्हणून उलगडल्यावर स्वल्पविराम नेहमी आपल्या रीतीने पुन्हा द्यावेत.

आता एक पूर्ण हिशेब करून पाहू. आमच्या भागातल्या एखाद्या मध्यम मंडळाच्या खर्चाची चिठ्ठी असते तशी ही आहे. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. मूर्ती १.८ लाख. मंडप आणि सजावट ४.२५ लाख. रोषणाई आणि ध्वनी ९५ के. प्रसाद आणि पाहुणचार ६२.५ के. चार माणसांनी चार चिठ्ठ्या दिल्या आहेत आणि प्रत्येकाची लिहिण्याची सवय वेगळी आहे. वाचकांनी इथे लगेच बेरीज करू नये. आधी प्रत्येक आकडा स्वतंत्र उलगडावा, एकाखाली एक लिहावा आणि मगच बेरीज करावी. मूर्तीचे १,८०,०००. मंडपाचे ४,२५,०००. रोषणाईचे ९५,०००. प्रसादाचे ६२,५००. पहिल्या दोन रकमा मिळून ६,०५,०००, त्यात ९५,००० मिळवले की बरोबर ७,००,०००, आणि शेवटी ६२,५०० धरून एकूण ७,६२,५००.

आता समजा, नव्या खजिनदाराने मूर्तीची रक्कम १,०८,००० लिहिली. वहीत खर्चाची बेरीज ६,९०,५०० दिसेल. गल्ल्यातून प्रत्यक्षात ७,६२,५०० गेलेले असतील. फरक ७२,००० रुपयांचा. रात्री अकरा वाजता, सगळे थकलेले असताना, ही रक्कम कुठे गेली हे शोधायचे आहे. इथे हिशेबनिसांची एक जुनी युक्ती कामी येते. फरकाला नवाने भागून पाहा. ७२,००० ला नवाने निःशेष भाग जातो. तसा भाग गेला, तर चोरी किंवा हरवलेली पावती शोधण्याआधी एखाद्या आकड्यातल्या अंकांची जागा चुकली आहे का, ते पाहावे. कारण सोपे आहे. १,८०,००० आणि १,०८,००० यांत अंक तेच आहेत: एक, आठ आणि शून्ये. अंकांची बेरीज तीच राहिली की दोन संख्यांतला फरक नवाच्या पटीतच येतो.

दुसरी एक चूक याच घरातली आहे. बैठकीत कुणी तोंडाने 'मंडपाचे चार लाख पंचवीस' असे सांगते. लालबागच्या बोलीत त्याचा अर्थ चार लाख पंचवीस हजार असतो, 'हजार' गिळलेले असते. लिहिणारा नवखा असेल, तर तो ४,००,०२५ लिहितो. फरक २४,९७५ चा. हाही आकडा विचित्र दिसतो, पण नवाने भागला तर २,७७५ येतात. म्हणजे पुन्हा अंक जागा सोडून गेले आहेत. नऊचा हा ताळा चूक कुठल्या जातीची आहे ते सांगतो. ती कुठल्या ओळीत आहे ते सांगत नाही. शिवाय हरवलेली रक्कमही योगायोगाने नवाच्या पटीत असू शकते, म्हणून त्यावर आंधळा विश्वास नको.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण शाळेत ताळा शिकलेले वाचक इथे हमखास अडखळतात. उलगडण्याची खातरजमा करण्यासाठी मूळ आकडा आणि उलगडलेला आकडा यांच्या अंकांची बेरीज करून पाहू, असा विचार मनात येतो. १.८ चे एक आणि आठ मिळून नऊ. १,८०,००० चेही नऊ. ताळा जुळला! पण १,०८,००० चेही नऊच येतात आणि १८,००,००० चेही. शून्याने बेरीज बदलत नाही, आणि इथली चूक शून्याच्या जागेचीच असते. म्हणून एकट्या आकड्यावर हा ताळा अगदी निकामी आहे. तिथे अंक मोजावेत. लाखाच्या डावीकडे एक आकडा असेल तर उलगडलेली संख्या सहा अंकी हवी. कोटीच्या डावीकडे एक असेल तर आठ अंकी, 'के'च्या डावीकडे एक असेल तर चार अंकी. अंकांची संख्या बरोबर आली, की दशांश चिन्हापुढचा पहिला अंक मोठ्या आकड्याला चिकटून बसला आहे ना, हे पाहावे. या दोन नजरा टाकल्या की एकट्या आकड्याची चूक सुटत नाही.

आता या विषयाच्या अधिक खोल भागाकडे येऊ. माझ्या मते इथेच खरी समज लागते. उलगडलेल्या संख्येतली सगळी शून्ये सारख्या योग्यतेची नसतात. काही शून्ये मोजून आलेली असतात आणि काही आपण जागा भरण्यासाठी ठेवलेली असतात. मूर्तीकाराला १.८ लाख ठरवून दिले असतील, तर १,८०,००० मधले प्रत्येक शून्य खरे आहे. पावतीवर तेवढीच रक्कम असणार. पण वर केलेली ७,६२,५०० ही बेरीज कुणी फलकावर '७.६ लाख' अशी लिहिली, आणि पुढच्या वर्षीच्या खजिनदाराने ती वाचून ७,६०,००० अशी उलगडली, तर अडीच हजार रुपये कागदावरून नाहीसे झाले. त्याने उलगडताना काहीही चूक केलेली नाही. चिन्हापुढे एकच आकडा ठेवताना जे गेले, ते उलगडून परत येत नाही. ७.६ लाख ही ७,५५,००० पासून ७,६५,००० च्या आतल्या कुठल्याही रकमेची घडी असू शकते. म्हणून फलकावरच्या आकड्यावरून वही लिहू नये. वहीवरून फलक लिहावा.

गिरणगावात वाढलेल्या वाचकांना याचे एक मोठे उदाहरण पाठ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, असे आपण नेहमी म्हणतो आणि लिहितो. हा आकडा उलगडला तर २,५०,००० होतो. पण वृत्तान्तात '२,५०,००० कामगार' असे छापले, तर वाचणाऱ्याला वाटेल की कुणीतरी गिरणीगिरणीत जाऊन माणसे मोजली आणि ती बरोबर अडीच लाख भरली. 'अडीच लाख' या शब्दांत जी 'सुमारे'ची छटा आहे, ती शून्ये भरताच निघून जाते. अशा ठिकाणी माझा आग्रह असा आहे की, बेरीज-वजाबाकीसाठी उलगडायचेच असेल तर बाजूला उलगडा आणि सोबत 'सुमारे' लिहा. वाचकापुढे मात्र अडीच लाखच ठेवा. ज्या माणसांनी त्या संपात घर विकले, मुलांच्या शाळा सोडवल्या, त्यांची संख्या आपल्याला पूर्ण अंकांत माहीत असल्याचा आव आणणे बरे नाही.

उलट बाजूचे उदाहरण किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचे. या मंडळाच्या उत्सवाच्या विम्याची रक्कम दरवर्षी बातमीत येते. २०२२ साली ती ३१६.४० कोटी होती. इथे शेवटचे शून्य लिहिले आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ३१६.४ आणि ३१६.४० उलगडल्यावर दोन्ही ३,१६,४०,००,००० च होतात. पण शून्य लिहिणारा सांगतो आहे की रक्कम लाखापर्यंत पाहिली आहे आणि चाळीसच्या पुढे लाख निघाले नाहीत. शून्य न लिहिणारा तेवढे सांगत नाही. २०२४ साली ही रक्कम ४००.५८ कोटी झाली. खण भरा: चारशे कोटी, अठ्ठावन्न लाख, पुढे शून्ये. ४,००,५८,००,०००. अंक दहा आहेत. कोटीच्या डावीकडे तीन आकडे असल्यामुळे ते दहाच हवेत. चारशे कोटी म्हणजे चार अब्ज, आणि अब्ज म्हणजेच इंग्रजी वृत्तपत्रांतले बिलियन. दोन्ही पद्धती इथे नेमक्या एका स्थानावर भेटतात.

हल्ली मंडळातली मुले हे सगळे संगणकावर करतात, आणि त्यांचे मला कौतुक वाटते. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, 'लाख' हा शब्द काढून त्याजागी पाच शून्ये चिकटवण्याचा मार्ग सोपा वाटतो आणि '१५ लाख'साठी चालतोही. पण '१.५ लाख'चे त्याने 1.500000 होते, आणि संगणक ते दीड समजतो. मधला ठिपका काढून टाकला तर पंधरा लाख होतात. शून्ये चिकटवायची नाहीत, एक लाखाने गुणायचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. गुणाकार केला तरी कधी कधी एक रुपया गळतो. पायथन भाषेत हे स्वतः करून पाहा:

```python
>>> int(1.15 * 100000)
114999
>>> from decimal import Decimal
>>> int(Decimal("1.15") * 100000)
115000
```

एक लाख पंधरा हजारांऐवजी पहिल्या ओळीने १,१४,९९९ दिले. संगणक आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो, आणि त्या पद्धतीत १.१५ नेमका लिहिताच येत नाही; जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात नेमका लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावे लागते. संगणकातले १.१५ किंचित कमी भरते. गुणाकारानंतरही ते १,१५,००० च्या केसभर अलीकडे थांबते, आणि int पुढचा सगळा अपूर्णांक कापून टाकतो. `Decimal` हा प्रकार आकडा जसा लिहिला तसाच दशांशात ठेवतो, म्हणून तिथे गळती होत नाही. फक्त आकडा अवतरणचिन्हांत द्यायला विसरू नका, नाहीतर तो आत जाण्याआधीच द्विमानात बदललेला असतो. आनंदाची गोष्ट म्हणजे पायथनला देवनागरी अंकही वाचता येतात. `Decimal("१.१५")` लिहिले तरी चालते.

तिसरी गोष्ट आपल्या रोजच्या लिहिण्यातली आहे. आपण रुपयांसाठी 'रु.' लिहितो, आणि पुष्कळदा पुढे जागा न सोडता आकडा लिहितो: रु.५० लाख. माणसाला हे पन्नास लाख दिसतात. पण अंकांच्या शोधात निघालेला प्रोग्राम त्या ठिपक्याला दशांश चिन्ह समजू शकतो. मग .५० लाख म्हणजे पन्नास हजार होतात, आणि रक्कम शंभरपट आकसते. उपाय दोन आहेत. लिहिताना 'रु.'नंतर जागा सोडा, आणि संगणकाला शिकवताना ठिपक्याच्या डावीकडे किमान एक अंक असल्याशिवाय त्याला दशांश चिन्ह मानू नकोस, असे सांगा. पाऊण लाखसुद्धा '.७५ लाख' असे न लिहिता '०.७५ लाख' असे लिहिण्याची सवय ठेवली, की हा सापळा राहत नाही.

ही पुस्तिका कशी वाचावी, याबद्दल थोडेसे. क्रमाने वाचायलाच हवी असे नाही. ज्यांना मोठ्या आकड्यांचा धसका वाटतो, त्यांनी आधी स्वतःच्या घरातला एखादा कागद घ्यावा: वीजबिल, पगारपत्रक, पुनर्विकासाचा प्रस्ताव. त्यातला एक आटोपशीर आकडा आधी दीड-सव्वाच्या भाषेत वाचावा, मग खणांत बसवावा, मग अंक मोजावेत. प्रस्तावात भाडे '32.5k' असेल आणि जोडरक्कम '12.5 L' असेल, तर दोन्हीत साडेबारा-साडेबत्तीसचा भास सारखाच होतो. उलगडल्यावर एक ३२,५०० आणि दुसरी १२,५०,००० निघते. दोन्ही पूर्ण अंकांत एकाखाली एक लिहिल्याशिवाय सहीसाठी पेन उचलू नका, एवढे मी चाळीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितले आहे.

आणि उलगडलेला आकडा शेवटी पावतीवर लिहाल, तेव्हा तिथली 'अक्षरी रुपये' ही ओळ रिकामी सोडू नका. अंकांत शून्याची जागा चुकू शकते, शब्दांत ती चुकवणे फार कठीण आहे. 'एक लाख ऐंशी हजार फक्त' असे हाताने लिहिताना १,०८,००० पुन्हा समोर आले, तर हात स्वतःच थांबतो. आमच्या जुन्या खजिनदारांनी ही ओळ आधी भरायची आणि अंक नंतर, अशी रीत ठेवली होती. या पुस्तिकेतले नमुना पावतीपुस्तकही त्याच क्रमाने छापले आहे: वर अक्षरी, खाली अंक.